थांबलेल्या खेळातला ढोल

मंगळवारी दुपारी तीन वाजून बेचाळीस मिनिटांनी सुषमा ठोंबरे अकराव्या लेव्हलच्या अर्ध्यात होती. कोठाराच्या दारात तिचा पहारेकरी उभा, उजवीकडून सात रानडुकरं, डावीकडून पाच. तिनं ढोल वाजवला. ढोल वाजला की सहा सेकंद सगळी डुकरं जागच्या जागी बिचकून उभी राहतात, तेवढ्यात काठीनं मारता येईल तेवढी मारायची. मग ढोल नव्वद सेकंद वाजत नाही. बटण काळवंडतं आणि त्याच्याभोवतीची सोनेरी कड हळूहळू भरत जाते. कड पूर्ण झाली की बटण उजळतं आणि ढोल पुन्हा वाजवता येतो. खेळाची सगळी अवघड बाजू या नव्वद सेकंदांत आहे.

दोन डुकरं पडली आणि टेबलावरचा तिचा स्वतःचा फोन थरथरला. तिनं खेळ थांबवला.

शिरूरच्या बाजारपेठेत पाइप आणि मोटारींच्या दुकानाच्या वर एक खोली आहे. सहा टेबलं, चौदा मोबाइल, भिंतीला एक टीव्ही. पुण्यातली एक कंपनी मोबाइलवरचे खेळ बनवते आणि बाजारात आणण्याआधी या खोलीत ते खेळून पाहिले जातात. खेळायचं, कुठं काय चुकतंय ते शोधायचं, नोंदवायचं. दौंडला अशीच दुसरी छोटी खोली आहे, तिथं दोघंच बसतात. सुषमा शिरूरच्याच कॉलेजातून कॉम्प्युटरची पदवी घेऊन सहा महिन्यांपूर्वी इथं लागली, कच्च्या नेमणुकीवर. घर इनामगावच्या अलीकडं, घोड नदीच्या काठाला. तिचा आजा मेंढरामागं चार जिल्हे हिंडला. तिचे वडील रखमाजी चार एकर बागायत करतात आणि तालुक्याच्या पलीकडं क्वचितच जातात.

फोन विहिरीवरच्या मोटारीचा होता. मोटारीच्या स्टार्टरमध्ये सिमकार्ड आहे, थ्री फेज लाईट आली की ते नोंदवलेल्या नंबरला फोन करतं आणि सांगतं, मोटार सुरू करण्यासाठी एक दाबा. नंबर सुषमाचा नोंदवलेला. स्टार्टर बसवायला माणूस आला त्या दिवशी रखमाजींचा फोन बंद पडला होता आणि नंतर नंबर बदलायचं कुणी मनावर घेतलं नाही. या आठवड्यात लाईट दिवसाची होती.

सुषमानं एक दाबलं आणि वडिलांना फोन लावला.

"आप्पा, लाईट आली. मोटार चालू केलीया. पाणी कुठं घेताय?"

"वरच्या कांद्याला. पण खालचा व्हॉल बंद हाय का न्हाई, ध्यानात न्हाई बघ."

"मग बघा की. मी हाय लाईनवर."

रखमाजी बांधानं चालत गेले, पाइपावरचा व्हॉल बंद असल्याचं पाहिलं, काल घरी आलेल्या पाव्हण्यांबद्दल एक वाक्य बोलले आणि फोन ठेवला. एक मिनिट त्रेपन्न सेकंद. असे फोन दुपारी तीन-चार तरी येत. व्होल्टेज पडलं की मोटार बंद होई आणि स्टार्टर पुन्हा फोन करी. खोलीचा नियमच होता की फोन घ्यायचा तर खेळ थांबवून घ्या, खेळ सोडून उठू नका. अर्धा सोडलेला खेळ मोजणीतून बाद होतो.

आधी सुषमाला या फोनांची लाज वाटायची. मग वडील बांधावरून चालत असताना ती थांबलेल्या पडद्याकडं बघत बसू लागली. कोणतं डुक्कर कुठं आहे, कोणतं आधी पोचेल, कोणत्या कोपऱ्यात सरकायचं. महिन्याभरात तिची तशी पद्धतच झाली. गर्दी वाढली की ती फोन नसला तरी खेळ थांबवी, वहीत चौकोन काढून डुकरांचे ठिपके मांडी आणि मग चालू करी. खोलीत त्याला 'सुषमाचा थांबा' असं नाव पडलं. अकरावी लेव्हल तिनं चाळीसपैकी अठ्ठावीस वेळा जिंकली होती. दौंडचा विनोद तीच लेव्हल चाळीस वेळा खेळला आणि सहा वेळा जिंकला.

लेव्हल किती अवघड आहे हे मोजायला दोघंच नेमले होते. पक्की जागा एकच निघाली होती, दोघांपैकी एकाला. निर्णय आज साडेपाचच्या मीटिंगमध्ये होता, आणि तो काय असणार हे खालच्या दुकानातल्या पोऱ्यालाही ठाऊक होतं.

तीन चव्वेचाळीसला सुषमानं खेळ चालू केला आणि तिचा अंगठा हवेतच राहिला.

डुकरं अजून बिचकलेली होती. ढोलाचा आवाज चालू होता, सहातले चारएक सेकंद शिल्लक होते. आणि ढोलाचं बटण उजळलेलं होतं.

ढोल वाजतोय, आणि पुन्हा वाजवायला तयारही आहे. असं होऊच शकत नव्हतं. नव्वद सेकंद जायला हवे होते, खेळातले दोनच गेले होते. तिनं बटण दाबलं. ढोल पुन्हा पहिल्यापासून वाजू लागला. तिनं सगळी डुकरं मारली, लेव्हल जिंकली आणि मोबाइल पालथा ठेवला.

"जिंकलीस?" शेजारच्या टेबलावरून राजश्रीनं विचारलं. राजश्री ढमढेऱ्यांच्या तळेगावची, आवाज आणि मराठी मजकूर तपासायची.

"व्हय."

"मग तोंड असं का? पेढं कवा आणतीस ते सांग. कंदी आण, मला बर्फी चालत न्हाई."

सुषमानं वहीचं नवं पान उघडलं, दुसऱ्या मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं आणि लेव्हल पुन्हा सुरू केली. ढोल वाजवला. थांबवलं काहीच नाही. बटण उजळायला बरोबर नव्वद सेकंद लागले. बरोबर होतं. पुन्हा ढोल वाजवला, लगेच खेळ थांबवला, तीस सेकंद मोजले, चालू केला. आता बटण साठ सेकंदांत उजळलं. तिसऱ्यांदा साठ सेकंद थांबवला. तीस सेकंदांत उजळलं. चौथ्यांदा शंभर सेकंद थांबवला. मेनू मिटला तेव्हा बटण उजळलेलंच होतं.

प्रत्येक मोजणी तिनं तीनदा केली. आकडे जागचे हलले नाहीत. खेळ थांबला की डुकरं थांबत, पहारेकरी थांबे, लेव्हलचं घड्याळ थांबे, ढोलाचा आवाजही थांबे. ढोल पुन्हा भरण्याचा काळ तेवढा चालू राही. आणि थांबवल्यावर येणारा मेनू पडद्याच्या खालच्या कोपऱ्यावरच पसरत असल्यानं कड भरताना दिसत नसे.

हे सहा महिने कुणाला दिसलं कसं नाही, याचं उत्तर भिंतीवरच्या यादीत होतं. थांबवण्याची तपासणी यादीतल्या चौदाव्या ओळीत होती: खेळ पाच सेकंद थांबवा, पुन्हा सुरू करा, सगळं जागच्या जागी आहे का पाहा. पाच सेकंदांत नव्वदाची कड किती हलणार? ही तपासणी राजश्रीनं केली होती, सुषमानं केली होती, विनोदनं केली होती. तिघांनी बरोबरची खूण केली होती.

चार वीस झाले होते. सुषमा कपाटाकडं गेली. जुनी बिल्डं राहावीत म्हणून चार मोबाइल तिथं बाजूला ठेवलेले असतात. खेळात काही बदल केला की पुण्याहून नवं बिल्ड येतं, त्याला क्रमांक असतो. आजचं १८२ होतं. तिनं अकरावी लेव्हल मोजायला सुरुवात केली ती १६० वर. १६० चा मोबाइल कपाटात होता, बॅटरी सात टक्के. तिनं तो चार्जरला लावून तिथंच उभ्यानं ढोल वाजवला आणि शंभर सेकंद थांबवला.

बटण उजळलेलं होतं.

म्हणजे पहिल्या खेळापासून.

तिला आता जे करायचं होतं ते कुणी सांगितलेलं नव्हतं. प्रत्येक खेळाची नोंद मोबाइल स्वतः ठेवतो: कधी सुरू, कधी थांबवला, कधी पुन्हा चालू, निकाल काय. तिनं आपल्या चाळीस खेळांच्या नोंदी कॉम्प्युटरवर उघडल्या आणि वहीत दोन रकाने पाडले. एका बाजूला मिनिटभराहून जास्त थांबा असलेले खेळ, दुसऱ्या बाजूला तसा थांबा नसलेले. आजचा, मोजणीत नसलेला खेळ तिनं सोडून दिला.

थांब्याचे एकोणतीस. त्यात जिंकलेले सव्वीस.

बिनथांब्याचे अकरा. त्यात जिंकलेले दोन.

दोन्ही ओळींवरून तिनं पुन्हा बोट फिरवलं. अकरात दोन. विनोदचं चाळीसात सहा. दोघांच्या हातांत काडीचा फरक नव्हता. वहीतले चौकोन, ठिपके, कोपऱ्यात सरकण्याची युक्ती, ज्याला खोलीनं नाव दिलं होतं, त्यातलं किती खरं होतं ते या दोन रकान्यांनी सांगून टाकलं होतं. ती विचार करत बसली असताना ढोल भरत होता.

"काय मोजतीयास एवढं?" राजश्री खुर्ची सरकवत आली. सुषमानं वही पुढं केली आणि तीन वाक्यांत सांगितलं. राजश्रीनं ओठ चावला. तिनं दत्ता सरांकडं पाहिलं.

दत्ता दसगुडे खोलीचे प्रमुख. आधी एसटी स्टँडसमोर मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं त्यांचं. कोडातलं त्यांना कळत नाही आणि कळतं असं ते दाखवतही नाहीत. आकड्यांचा तक्ता मात्र त्यांना तोंडपाठ असतो. आत्ता ते खिडकीशी बडीशेप चघळत पुण्याशी फोनवर बोलत होते. "व्हय, व्हय. मुलगी तयार हाय आमची. अठ्ठावीस हाय म्हटलं, अठ्ठावीस. नव्वदचं एकशे वीस करा बिनधास्त."

सुषमानं ते ऐकलं. राजश्रीनंही ऐकलं.

"एकशे वीस?" सुषमा म्हणाली.

"तुला ठावं न्हाई? सकाळीच ठरलंय. लेव्हल लई सोपी पडतीया म्हणं. ढोलाचा टायम वाढवणार. सहाला बिल्ड पक्कं करून पुढं पाठवणार."

चार अठ्ठावन्न. सुषमानं बग नोंदवायचं पान उघडलं. वरच्या रकान्यात लिहिलं: खेळ थांबवला तरी ढोल भरण्याचा काळ चालू राहतो. खाली पायऱ्या लिहिल्या, सेकंद लिहिले, तीन वेळच्या मोजण्या लिहिल्या, काय व्हायला हवं आणि काय होतं ते लिहिलं. तिचं लिहिणं खोलीत सगळ्यात स्वच्छ होतं, तेवढं तरी ढोलाच्या जोरावर नव्हतं. मग शेवटचा रकाना आला.

कोणत्या बिल्डपासून.

"आजचं टाक," राजश्री हळूच म्हणाली. "एकशे ब्याऐंशी. आज दिसलं, आज लिहिलं. खोटं काय हाय त्यात?"

सुषमानं चार्जरला लावलेल्या जुन्या मोबाइलकडं पाहिलं.

"अगं, उलट शाबासकी मिळंल. शेवटच्या तासाला बग धरला म्हणतील. जागाही तुझी, बगही तुझा. जुन्या मोबाइलवर कोण बघतंय? तो झाडलोटीचा दगडोबा पुसतो तवाच कपाट उघडतं."

"पुण्यात बघतील."

"पुण्यात? त्यांना सहाला बिल्ड पाठवायचंय, बाई. ते दुरुस्त करतील आन् पुढं जातील."

हे खरं होतं, आणि म्हणूनच अडचण होती. सुषमानं डोक्यात पुढचं चालवून पाहिलं. बग दुरुस्त होईल. ढोल एकशे वीस सेकंदांचा होईल, कारण तिचा अठ्ठावीसचा आकडा तसं सांगतो. मग थांब्याचा फायदाही नाही आणि ढोलही उशिरा. लोक अकराव्या लेव्हलला येऊन अडकतील आणि खेळ काढून टाकतील. नोकरी पक्की झाल्यावर तीच लेव्हल तिला पुन्हा मोजायला देतील, ती चाळीसात चार जिंकेल, आणि तेव्हा कुणीतरी विचारेलच. फार तर महिनाभर.

दुसरं तिच्या मनात आलं ते विनोदचं. गेल्या मीटिंगमध्ये दत्ता सरांनी त्याला सगळ्यांदेखत विचारलं होतं, बोटाला काय सिमेंट लागलंय का रे. विनोद हसला होता. त्याला खेळ थांबवायची सवयच नाही. खेळ चालू असताना तो पाणीसुद्धा पीत नाही, शेजारी कुणी बोललं तर हात वर करतो. त्यानं चाळीस वेळा तो खेळ जसा आहे तसा खेळला होता आणि चौतीस वेळा हरला होता.

पाच चार. दत्ता सरांचा फोन संपला.

"सुषमा, आज साडेपाचला जरा चांगल्या जागेवर बस. कॅमेऱ्यात मागचं मोडकं कपाट दिसतंय."

"सर, एक बग हाय. ढोलाचा."

"मोठा का बारका?"

"मोठा."

सरांनी बडीशेपेची डबी मिटली. "आत्ता? सहाला बिल्ड चाललंय. काय झालं?"

तिनं त्यांना खेळूनच दाखवलं. ढोल, थांबा, सरांच्याच मनगटावरच्या घड्याळात शंभर सेकंद, चालू. बटण उजळलेलं. सर दोन वेळा पाहून म्हणाले, "च्यायला." मग म्हणाले, "नोंदव की मग. वाट कसली बघतीयास?"

"शेवटचा रकाना राहिलाय."

"मग भर."

सरांचा हात तिच्या खुर्चीच्या पाठीवर होता. राजश्री आपल्या पडद्याकडं बघत बसली होती आणि काहीही वाचत नव्हती. सुषमानं रकान्यात लिहिलं: १६० किंवा त्याआधीपासून. खाली एक ओळ वाढवली: अकराव्या लेव्हलच्या माझ्या चाळीस खेळांवर याचा परिणाम झाला आहे, यादी सोबत. वहीच्या पानाचा फोटो जोडला आणि पाठवून दिलं. पाच वाजून नऊ मिनिटं.

सरांना ती ओळ कळायला थोडा वेळ लागला.

"म्हंजी तुझे अठ्ठावीस..."

"सव्वीस थांब्याचे हायती."

"तू मुद्दाम थांबवत हुतीस?"

"न्हाई सर. मोटारीचा फोन यायचा. मग सवय लागली."

"तुला म्हाईत हुतं का?"

"आज तीन चव्वेचाळीसला कळलं."

सरांनी तिच्याकडं पाहिलं, मग वहीकडं. ते जागेवर जाऊन बसले आणि आकड्यांचा तक्ता पुन्हा पहिल्यापासून वाचू लागले. खालच्या दुकानात कुणीतरी पाइप कापत होतं.

साडेपाचला टीव्हीवर दोन चौकोन उघडले. एकात पुण्याहून सत्यजीत, हा खेळ लिहिणारा. दुसऱ्यात दौंडचा विनोद, त्याच्या मागं कुठल्यातरी गाडीचा भोंगा.

"सुषमा, तुझा बग वाचला," सत्यजीत म्हणाला. नमस्कार वगैरे काही नाही. "थांब, मी इथं करून बघतो."

त्यानं आवाज बंद केला. चौकोनात तो खाली मान घालून बसलेला दिसत होता, मग बाजूच्या पडद्याकडं वळलेला. चार मिनिटं झाली. दत्ता सर बोटांनी टेबल वाजवत होते, मग त्यांनी ते थांबवलं. विनोदला काय चाललंय ते माहीत नव्हतं. तो कॅमेऱ्यात केस बघून घेत होता.

सत्यजीतचा आवाज परत आला. "माझी चूक आहे."

त्यानं खुर्ची कॅमेऱ्यासमोर ओढली.

"सांगतो. डुकरांच्या टोळीतलं शेवटचं डुक्कर पडतं तेव्हा आपण सगळं हळू करतो ना, पडताना मजा यावी म्हणून? तेव्हा खेळाचं घड्याळच मंद करतो आपण. ढोलाची कडही त्याच घड्याळावर होती, त्यामुळं तीही रेंगाळायची. तशी तक्रार आली होती. म्हणून मी ढोल भरायची वेळ खेळाच्या घड्याळावरून काढून खऱ्या घड्याळावर टाकली. ढोल वाजला त्या क्षणापासून नव्वद सेकंदांनंतरची वेळ लिहून ठेवायची आणि ती उलटली का एवढंच बघायचं."

"मग?" दत्ता सर म्हणाले.

"मग काय. खेळ थांबवणं म्हणजे त्याच खेळाच्या घड्याळाचा वेग शून्य करणं. डुकरं, लेव्हलचा वेळ, ढोलाचे सहा सेकंद, सगळं त्यावर चालतं, ते सगळं थांबतं. खरं घड्याळ कशाला थांबेल? हळू करायचा विचार केला मी, थांबवायचा केलाच नाही. दुरुस्ती छोटी आहे. पुढची वेळ लिहून ठेवायची नाही, दर फ्रेमला, म्हणजे पडद्यावरचं चित्र बदलेल तेव्हा तेव्हा, खरा वेळ थोडाथोडा मोजत जायचा, आणि मेनू उघडा असेल तर मोजायचाच नाही. तासाभराचं काम."

"मग सहाला जातंय का बिल्ड?"

"नाही जात." सत्यजीतनं चष्मा काढला. "दुरुस्ती तासाची, पण ढोल किती सेकंदांचा ठेवायचा ते कशावरून ठरवू? एकशे वीस आपण सुषमाच्या आकड्यांवरून ठरवलं होतं. यादी बघितली मी. ते आकडे गेले. चाळीसच्या चाळीस."

सुषमानं मान हलवली. अकरा बिनथांब्याचे तरी धरता येतील, असं तिच्या तोंडावर आलं होतं. ती ते बोलली नाही. त्यांतही मिनिटाच्या आतले थांबे होतेच.

विनोदच्या चौकोनात आता केस बघणं थांबलं होतं. "एक मिनिट," तो म्हणाला. "म्हंजी माझे सहा खरे हुते?"

"खरे होते," सत्यजीत म्हणाला. "त्या लेव्हलबद्दल आपल्याकडं तेवढेच खरे आहेत."

"मग त्या सिमेंटचं काय करायचं, दत्ता सर?"

राजश्रीला हसू फुटलं आणि तिनं तोंडावर ओढणी धरली. दत्ता सरांचे कान लाल झाले. "चुकलं बाबा माझं," ते म्हणाले. "पुसून टाक ते सिमेंट. आता पुढं बोला."

पुढचं बोलणं वीस मिनिटं चाललं. बिल्ड शुक्रवारवर गेलं. ढोल नव्वदवरच राहिला, गुरुवारपर्यंत नवे आकडे आले तर तो पंचाहत्तर करायचा का ते बघायचं ठरलं. तपासणीच्या यादीतल्या चौदाव्या ओळीत पाच सेकंद होते तिथं दोन मिनिटं आली, आणि थांबवण्याआधी ढोल वाजवा, असं सत्यजीतनं सांगितलेलं राजश्रीनं तिथल्या तिथं पेननं लिहिलं.

शेवटी दत्ता सरांनी घसा साफ केला. जागेचं त्यांना आजच कळवायचं होतं. बग शोधला ही मोठी गोष्ट झाली आणि स्वतःहून यादी जोडली ही त्याहून मोठी, ते म्हणाले. हे सगळं खरं. पण लेव्हल मोजायला माणूस ठेवायचा, तर ज्याच्या मोजण्या उभ्या राहिल्या तोच ठेवायला पाहिजे. जागा विनोदला. सुषमाची कच्ची नेमणूक तीन महिने पुढं.

"काय म्हणायचंय तुला?" त्यांनी तिला विचारलं.

"काही न्हाई, सर."

"राग?"

"थोडा हाय," ती म्हणाली. "पण मोजणी बरोबर हाय तुमची."

विनोद गडबडीनं म्हणाला, "ठोंबरे मॅडम, मी पेढं पाठवतो दौंडवरनं."

"कंदी पाठव," राजश्री मधूनच म्हणाली, "बर्फी चालत न्हाई," आणि मग आपण भलत्या वेळी बोललो हे कळून गप्प झाली.

सत्यजीतचा चौकोन मिटता मिटता पुन्हा उघडला. "सुषमा, एक सांगायचं होतं. तू आजचं बिल्ड लिहिलं असतंस तर मी मागं बघितलं नसतं. वेळच नव्हता."

"म्हाईत हुतं," ती म्हणाली.

त्यानं मान डोलावली आणि चौकोन मिटला.

सहा वाजून पाच मिनिटांनी दत्ता सरांनी पुढच्या दोन दिवसांचा तक्ता छापून भिंतीला लावला. सुषमानं तो खालपर्यंत वाचला, बॅग खांद्याला लावली आणि जिना उतरून स्टँडच्या दिशेनं निघाली. इनामगावकडची गाडी सुटायला पंचवीस मिनिटं होती. वाटेत आई सगुणाबाईचा फोन आला, निकालाचं विचारायला.

"काय झालं गं?"

"दुसऱ्याला मिळाली."

"का?"

"त्याचं गणित बरोबर निघालं."

"आन् तुझं?"

"माझं परत करायचंय."

"मग करशील," त्या म्हणाल्या, आणि येताना हिरव्या मिरच्या आणायला सांगितलं.

भिंतीवरच्या तक्त्याप्रमाणं दुरुस्त केलेलं बिल्ड १८३ बुधवारी सकाळी साडेआठला शिरूर आणि दौंडच्या मोबाइलवर चढेल. अकराव्या लेव्हलचे वीस खेळ विनोदच्या नावावर आहेत आणि वीस सुषमाच्या. तिचा पहिला नऊ वाजून पाच मिनिटांनी सुरू होईल.